लाईन आली की वॉल्व्ह कोणता उघडायचा?

सौंसरकडच्या एका संत्रा बगीच्यात डिंक्या फक्त पहिल्या पट्ट्यात दिसत होता आणि चौथ्या पट्ट्यातली झाडं सुकत चालली होती. बगीचावाल्या भाऊंनी मला बोलावलं ते मोटरच्या स्टार्टरसाठी, पण मी आधी ठिबकचा कंट्रोलर उघडला. वॉल्व्ह चार, प्रत्येकाला दोन तास. लाईन मध्येच जायची, आणि आली की कंट्रोलर पुन्हा एक नंबरपासून सुरू करायचा. पहिल्या पट्ट्याला दुप्पट पाणी, चौथ्याची पाळी येतच नव्हती. सतत ओल्या बुंध्याशी डिंक्याची बुरशी फोफावते.

आत आर्डुइनो उनो होता. त्याच्या चिपमध्येच लाईन गेल्यावरही टिकणारी १०२४ बाइटची ईईप्रॉम असते, पण प्रोग्राममध्ये ती वापरलेलीच नव्हती. तिथे रिले चालू की बंद एवढंच लिहून भागत नाही, ओलित कुठवर आलं ते लिहावं लागतं. आठ तासांचे दहा-दहा मिनिटांचे ४८ टप्पे केले, ० ते ४७. टप्प्याला १२ ने भागलं की वॉल्व्ह कळतो. टप्पा ३० म्हणजे तिसरा वॉल्व्ह, त्याचा एक तास झालेला.

दर मिनिटाला लिहायचा मोह टाळा. एका बाइटची हमी सुमारे एक लाख वेळा लिहिण्याची आहे. रोज ४८० वेळा लिहिलं तर ती सात महिन्यांतच संपते. ४८ वेळा लिहिलं तर साडेपाच वर्षांहून जास्त पुरते, आणि चूक झालीच तर दहा मिनिटांच्या पाण्याची.

लिहिता लिहिता लाईन गेली तर बाइट बिघडू शकतो. म्हणून शेजारच्या बाइटमध्ये २५५ वजा टप्पा लिहायचा आणि सुरू होताना जुळवून बघायचं:

```
byte k = EEPROM.read(10);
byte u = EEPROM.read(11);
bool ok = (k < 48) && (k + u == 255);
```

जुळलं नाही तर एकही वॉल्व्ह उघडू नये, दिवा लागावा. कोऱ्या चिपमध्ये दोन्हीकडे २५५ असतात, तेही इथेच पकडले जातात. मग पहिल्यांदा बटण दाबून ० लिहून घ्यायचं.

लाईन येताच सगळे रिले एकदम ‘टक्’ वाजत असतील, तर ते लो सिग्नलवर चालणारे आहेत. त्यांच्यासाठी आधी `digitalWrite(pin, HIGH)` आणि मगच `pinMode(pin, OUTPUT)`, हा क्रम ठेवा.

मोटरची स्थिती मात्र मी कधीच साठवत नाही. लाईन येते तेव्हा कधी एक फेज गायब असतो, कधी व्होल्टेज कमी. वॉल्व्ह उघडून पाच मिनिटं थांबायचं, तिन्ही फेज बघायचे, मग मोटर. टप्प्याची मिनिटंही मोटर खरोखर चालू असेल तेव्हाच मोजायची, नाहीतर कोरड्या नळीचे तास ओलितात जमा होतात.

भाऊंसमोर तिसरा वॉल्व्ह चालू असताना प्लग काढला, पुन्हा लावला. तिसराच उघडला. मग मुद्दाम प्लग ढिला करून भराभर हलवला, कारण आपल्याकडे लाईन बहुतेक वेळा अशीच येते.