एका कान्यासाठीचा अर्ज

पोरी, काल फोनवर तू म्हणालीस, की मुलीच्या बोनाफाईडवर 'श्रावणी'ची 'श्रवणी' झाली आहे आणि शाळेत जाऊन सांगून आलीस. नुसतं सांगून काही व्हायचं नाही. तीस वर्षं शाळेच्या कार्यालयात कारकुनी केली, म्हणून सांगतो. बोनाफाईड आज नवा लिहून देतील, पण ज्या नोंदीवरून तो उतरवला ती जनरल रजिस्टरमधली नोंद तशीच राहील. शाळा सोडल्याचा दाखला त्या रजिस्टरवरूनच निघतो. तेव्हा अर्जात 'बोनाफाईड दुरुस्त करावा' असं लिहू नकोस. 'जनरल रजिस्टरमधील नोंद दुरुस्त करावी' असं लिही.

ही चूक सात वर्षं कुणाला दिसली नाही, यात तुझा दोष नाही. इंग्रजीत दोन्ही नावं सारखीच, Shravani. आधारवर, निकालपत्रावर इंग्रजी बघितलं की सगळं बरोबर वाटतं. फरक फक्त देवनागरीत, एका कान्याचा. आणि 'श्रवणी' हेही नाव वाटतं, म्हणून वाचणाऱ्यालाही शंका येत नाही.

अर्ज लिहिण्याआधी दोन कागद बघ. पहिला जन्मदाखला. त्यावरच कान्याची चूक असेल, तर आधी जिथे जन्माची नोंद झाली त्या नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जा, शाळेत नंतर. दुसरा कागद म्हणजे पहिलीच्या वेळी तुम्ही भरून दिलेला प्रवेश अर्ज. तो शाळेच्या फाइलीत असतो, नम्रपणे मागितला की दाखवतात. त्यावर 'श्रावणी' असेल, तर चूक रजिस्टरमध्ये उतरवताना झाली, म्हणजे लेखनप्रमाद. जावईबापूंनीच घाईत 'श्रवणी' लिहिलं असेल, तर तसं खरं लिही. कारकुनावर ढकललंस आणि फाइलीतला कागद वेगळं बोलला, की अर्ज तिथेच अडतो. मुलगी आधी दुसऱ्या शाळेत असती, तर तिथल्या दाखल्यापासून सुरुवात करावी लागली असती. तुमचं तसं नाही, हे बरं.

दोन्ही कागदांवर 'श्रावणी' असेल, तर अर्ज असा लिही:

'मा. मुख्याध्यापक यांस. विषय : जनरल रजिस्टरमधील विद्यार्थिनीच्या नावाच्या दुरुस्तीबाबत. महोदय, माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सातवी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. जनरल रजिस्टर क्रमांक (इथे क्रमांक) येथे तिचे नाव "श्रवणी" असे नोंदले आहे. जन्मदाखल्यानुसार व प्रवेशावेळी भरलेल्या अर्जानुसार ते "श्रावणी" असे आहे. ही लेखनातील चूक असून नाव बदलण्याची विनंती नाही. तरी शिक्षण विभागाची आवश्यक ती मंजुरी घेऊन नोंद दुरुस्त करावी, ही विनंती. सोबत : जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत, आधार कार्डाची प्रत.'

खाली तारीख, सही, तुझं पूर्ण नाव आणि फोन नंबर. एवढंच. 'नाव बदलण्याची विनंती नाही' हे वाक्य गाळू नकोस. नाव बदलणं वेगळं, त्याला राजपत्र लागतं. अर्जात नुसतं 'नावात बदल' असं लिहिलं, तर तुला नको त्या रांगेत उभं करतील. याच अर्जात जन्मतारीख किंवा जातीच्या नोंदीचं काहीही घालू नकोस. त्यांचे पुरावे वेगळे तपासतात, आणि साधा कान्याचा विषय त्यांच्याबरोबर महिनोन्‌महिने पडून राहतो.

अर्जाच्या दोन प्रती ने. एक शाळेला, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊनच ये. मुख्याध्यापकांना परस्पर नोंद बदलता येत नाही, प्रस्ताव वर पाठवावा लागतो. पंधरवड्यानं विचारायला जाशील, तेव्हा 'प्रस्ताव गेला का' एवढंच न विचारता 'जावक क्रमांक काय' असं विचार.

मंजुरी आली की रजिस्टर स्वतःच्या डोळ्यांनी बघ. जुनं नाव खोडून पुसलेलं नसावं, वाचता येईल अशी त्यावर एकच रेघ असावी. वर लाल शाईनं नवं नाव, शेऱ्यात आदेशाचा क्रमांक व तारीख, मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. व्हाइटनर लावलेलं दिसलं, तर तिथेच आक्षेप घे. पुढे जात पडताळणीत जुन्या रजिस्टरचा उतारा मागतात, तेव्हा व्हाइटनरखालचं नाव काय होतं याचा जाब मुलीला द्यावा लागतो. रजिस्टर नीट दुरुस्त झालं, की यूडायस प्लसवरही 'श्रावणी' हेच नाव करायला सांग.

उशीर मात्र करू नकोस. मुलगी शाळेत आहे तोवर हे काम शाळेमार्फत सुटतं. शाळा सोडल्याचा दाखला 'श्रवणी' नावानं निघाला, की तोही दुरुस्त करत बसावं लागतं. या शनिवारी रजिस्टर क्रमांक लिहून आण, अर्जाचा कच्चा खर्डा मला वाचून दाखव.