भावाची कोंडी आणि उलाढालीची साक्ष

शेअरबाजाराचे आकडे पाहताना बहुतेकांची दृष्टी प्रथम भावावर जाते आणि तेथेच थांबते. काल ९९ रुपये होता, आज १०४ झाला, एवढे कळले की पुरे, असे पुष्कळांस वाटते. परंतु त्याच ओळीत भावाच्या शेजारी आणखी एक आकडा असतो. त्या दिवशी किती शेअरांची देवघेव झाली, हे तो सांगतो. यालाच आम्ही या लेखात उलाढाल म्हणणार आहोत. भाव हा एखाद्या खटल्यातील वादीप्रमाणे आपले म्हणणे मांडतो. त्याला साक्षीदार आहेत की नाहीत, हे उलाढालीवरून कळते. विशेषतः भाव फार दिवसांची मर्यादा ओलांडून वर निघाला की ही साक्ष तपासणे अगत्याचे ठरते. शेअरांविषयी ज्या घरांत बोलणे होते, तेथील मुलांनाही हे समजण्याजोगे आहे. त्यास बेरीज, गुणाकार आणि थोडा मनुष्यस्वभाव यांपलीकडे काही लागत नाही.

प्रथम एक ओळखीचे उदाहरण घेऊ. हंगामाच्या आरंभी हापूस आंब्याची पहिली पेटी बाजारात येते. मुहूर्ताची म्हणून तिची बोली चढते आणि कोणी हौशी व्यापारी तिला भलताच भाव देतो. भाव खोटा नसतो; रोख पैसे मोजलेले असतात. तथापि त्यावरून घरातली गृहिणी आंब्याचा दर ठरवीत नाही. एका पेटीचा तो भाव आहे, शेकडो पेट्यांचा नव्हे, हे तिला पुरते ठाऊक असते. शेअरबाजारात मात्र हेच शहाणपण माणसे घरी ठेवून जातात.

आता कल्पनेने एक कापडगिरणी घेऊ. तिचा शेअर तीन महिने ९० आणि १०० रुपयांच्या दरम्यान हेलकावे खात आहे. चार वेळा तो शंभराला टेकला आणि चारही वेळा माघारी फिरला. गेल्या २० दिवसांची सरासरी काढली, तर रोज ४०,००० शेअरांची उलाढाल होते. शंभर या आकड्यात जादू काही नाही. तेथे माणसे उभी आहेत. पूर्वी कधी शंभराला शेअर घेऊन बसलेले आणि मग भाव उतरल्याने अडकलेले लोक ‘एकदा घातलेले पैसे परत मिळाले की सुटलो’ असे म्हणत वाट पाहत असतात. नव्वदीत घेतलेले लोकही तेथेच नफा काढून घेतात. म्हणून शंभर रुपयांवर विक्रीचा एक बांध तयार होतो. भाव त्यापलीकडे गेला, म्हणजे कोंडी फुटली असे म्हणतात. बाजारातील रूढ शब्द ‘ब्रेकआउट’.

बांध दोन प्रकारांनी ओलांडला जातो. एक, पाण्याच्या लोंढ्याने तो खरोखरच वाहून जातो. दुसरा, राखणदार घरी गेलेले असतात आणि कोणी तरी हळूच पलीकडे उडी मारतो. दुरून पाहणाऱ्यास दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरा प्रकार आकड्यांनी पाहू. दोन सुट्ट्यांच्या मध्ये आलेला एक दिवस आहे. कालचा अखेरचा भाव ९९ रुपये ५० पैसे. पुष्कळ लोक गावी गेलेले असल्याने संगणकावरील विक्रीच्या ऑर्डरी विरळ आहेत : १०० रुपयांना १,५०० शेअर, १०१ ला ८००, १०२ ला ९००, १०३ ला ६००, आणि त्यापुढे १०४ ला काही थोडे. अशा वेळी एक खरेदीदार येतो आणि ‘मिळेल त्या भावाने ४,००० शेअर घ्या’ अशी ऑर्डर देतो. शंभरापासून १०३ पर्यंतचे सगळे मिळून ३,८०० शेअर तो उचलतो आणि उरलेले २०० त्याला १०४ ला घ्यावे लागतात. त्याने एकूण ४,०५,२०० रुपये मोजले, म्हणजे सरासरी एका शेअरास १०१ रुपये ३० पैसे. पण फळ्यावर शेवटचा भाव १०४ लागला. दिवसभराची उलाढाल १८,००० शेअर, म्हणजे नेहमीच्या निम्म्याहूनही कमी. तीन महिन्यांची कोंडी एका माणसाच्या घाईने फुटलेली दिसली. बांध घालणारे लोक हरलेले नव्हते. ते त्या दिवशी हजरच नव्हते.

सुट्टी संपते. १०४ हा भाव ऐकून अडकलेले लोक लगबगीने परत येतात. शंभराचीच आशा धरलेल्यांस चार रुपये अधिक मिळत आहेत. ते का सोडतील? विक्रीच्या ऑर्डरी हजारांनी येऊ लागतात. समोर खरेदीदार मोजके. भाव १०१, मग ९८, मग ९५ असा चार-पाच दिवसांत उतरतो आणि गिरणीचा शेअर आपल्या जुन्या कुंपणात परत जातो.

ज्या कुटुंबाने ‘कोंडी फुटली’ या वार्तेवर १०४ रुपयांनी ५०० शेअर घेतले, त्याचे ५२,००० रुपये गुंतले. भाव ९५ दिसतो, म्हणून ४,५०० रुपयांचे नुकसान, असा हिशेब ते करील. परंतु विकायला गेल्यावर दिसते की ९५ ला घेणारा केवळ १०० शेअरांचा आहे, ९४ ला १५० चा आणि ९३ ला २५० चा. सगळे विकून हाती ४६,८५० रुपये येतात. नुकसान ५,१५० रुपये. दलाली आणि कर निराळेच. ज्या विरळपणामुळे भाव सहज चढला, त्याच विरळपणामुळे तो उतरताना पायरी सापडत नाही. कमी उलाढालीचा हा दुसरा फटका आम्हांस पहिल्याहून अधिक लक्षात ठेवण्याजोगा वाटतो, कारण खरेदीच्या वेळी तो कोणासही दिसत नाही.

आता पहिला प्रकार. तीच गिरणी, तीच शंभराची मर्यादा. परंतु आज १,४०,००० शेअरांची उलाढाल झाली, म्हणजे सरासरीच्या साडेतीन पट. त्यांपैकी ७०,००० शेअर तर १०० ते १०१ रुपयांच्या दरम्यानच हातांतून हातांत गेले, आणि तरीही भाव मागे न हटता १०३ च्या वर बंद झाला. येथे एक समज दूर केला पाहिजे. ‘आज घेणारे जास्त होते’ असे लोक म्हणतात. विकलेला प्रत्येक शेअर कोणी तरी घेतलेलाच असतो. घेतलेल्या व विकलेल्या शेअरांची संख्या नेहमी सारखीच. मोठी उलाढाल सांगते ती गोष्ट वेगळी : सुटकेची वाट पाहणारे ७०,००० शेअर विक्रीस आले, ते सर्व घेतले गेले, आणि घेणाऱ्यांची भूक तरीही उरली. अडकलेले लोक निघून गेले. त्यांच्या जागी शंभराहून अधिक देऊन आलेले नवे लोक बसले. त्यांना १०१ ला विकून काही लाभ नाही. बांध घालणारी माणसेच बदलली. पुढे भाव शंभरापर्यंत खाली आला आणि त्या दिवशी उलाढाल २५,००० वरच राहिली, तर ते चांगले लक्षण समजतात, कारण विकणारे आता थोडेच उरले आहेत.

मात्र उलाढालीचा मोठा आकडाही डोळे मिटून मानू नये. ‘मोठा’ म्हणजे त्याच शेअरच्या नेहमीच्या प्रमाणाहून मोठा. एका कंपनीचे दोन लाख म्हणजे गर्दी, तर दुसरीचे दोन लाख म्हणजे शुकशुकाट. एखाद्या कंपनीने दहा रुपयांच्या शेअरचे एकेक रुपयाचे दहा भाग केले, तर दुसऱ्या दिवसापासून शेअरांची संख्या दहापट दिसू लागते आणि बाजारात काहीही घडलेले नसते. अशा वेळी शेअर मोजण्यापेक्षा रुपयांतील उलाढाल मोजावी. कधी दोन बड्या संस्थांनी आपसांत केलेला एकच सौदा दिवसाच्या आकड्याचा मोठा भाग व्यापतो; ती गर्दी नव्हे. आणि कधी काही मंडळी संगनमताने तेच शेअर एकमेकांस फिरवीत राहतात, म्हणजे उलाढाल वाढल्याचा भास होतो. हे कायद्याने गुन्हा आहे. सेबीच्या २००३ च्या नियमांत असे देखाव्याचे सौदे स्पष्टपणे निषिद्ध आहेत. राष्ट्रीय शेअरबाजार प्रत्येक शेअरच्या उलाढालीपैकी किती शेअरांची प्रत्यक्ष डिलिव्हरी झाली, हे रोज प्रसिद्ध करतो. उलाढाल चौपट आणि डिलिव्हरी मात्र जेमतेम पूर्वीइतकीच असेल, तर ती गर्दी सकाळी घेऊन संध्याकाळी विकणाऱ्यांची होती, असे ओळखावे.

आणखी एक गोष्ट वरवर चमत्कारिक वाटेल. वर जाताना उलाढालीची साक्ष मागावी. खाली पडताना मात्र ती मागत बसू नये. एडवर्ड्स आणि मॅगी या अमेरिकन लेखकांनी भावांच्या आलेखांवरील आपल्या १९४८ च्या ग्रंथात हा भेद नोंदविला आहे. भाव चढण्यास कोणी तरी पैसे घेऊन यावे लागते. पडण्यास घेणारे न येणे एवढेच पुरते. म्हणून ९० रुपयांचा तळ कमी उलाढालीवर तुटला, तर ‘साक्षीदार नाहीत’ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडते.

कमी उलाढालीवरील प्रत्येक चढ फसवाच असतो, असेही नाही. मुंबईच्या शेअरबाजारातील एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. हिच्यापाशी एशियन पेंट्सचे मोलाचे शेअर होते, पण हिच्या स्वतःच्या शेअरचा नोंदलेला भाव साडेतीन रुपयांच्या आसपास पडून राहिला होता. त्या भावाने विकण्यास कोणी तयारच नव्हता, त्यामुळे सौदे जवळजवळ होत नसत. सेबीने अशा कंपन्यांसाठी विशेष लिलावाची सोय केली, तेव्हा २९ ऑक्टोबर २०२४ रोजी हा शेअर ३ रुपये ५३ पैशांवरून एकदम २,२५,००० रुपयांवर उघडला आणि २,३६,२५० वर बंद झाला. साऱ्या देशात आश्चर्य पसरले. पण विचार केला तर विलक्षण होता तो जुना भाव. साडेतीन रुपये देऊन तो शेअर कोणासही घेता आला नसता. तो केवळ फळ्यावर राहिलेला आकडा होता.