जुन्या गाडीत फोनवरची गाणी: रिकामी फ्रिक्वेन्सी कशी ओळखावी?

ब्लूटूथ किंवा ऑक्स नसलेल्या जुन्या गाडीत सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये एक छोटा एफएम ट्रान्समीटर लावता येतो. फोन ब्लूटूथवरून गाणं त्याच्याकडे पाठवतो आणि तो ते एफएमवर प्रक्षेपित करतो. जोडणी सोपी आहे. फोनच्या ब्लूटूथ यादीत ट्रान्समीटरचं नाव निवडायचं आणि त्याच्या पडद्यावरचा आकडा रेडिओवरही लावायचा. खरी गंमत हा आकडा निवडण्यात आहे.

हा ट्रान्समीटर अगदी अशक्त असतो. युरोपात अशा उपकरणांना ५० नॅनोवॉट, म्हणजे एका वॉटचा दोन कोटीवा भाग, एवढीच मुभा आहे. मोठ्या स्टेशनची ताकद मात्र हजारो वॉट असते. एफएमचा रेडिओ एकाच फ्रिक्वेन्सीवर आलेल्या दोन संदेशांपैकी बलवान संदेश पकडतो आणि दुसरा दाबून टाकतो. म्हणून आपली जागा रिकामीच हवी.

दुबईचं उदाहरण घेऊ. १०३.८ वर दुबई आय आणि १०४.४ वर व्हर्जिन रेडिओ आहे. मधोमध १०४.१ येतं, पण दोन्ही बलाढ्य शेजारी फक्त ०.३ मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका स्टेशनचा संदेशच सुमारे ०.२ मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. जुन्या रेडिओला शेजारी नीट वेगळे करता आले नाहीत, तर आपल्या गाण्यात त्यांची खरखर मिसळते. त्यापेक्षा जास्त मोकळी फट शोधावी.

आधी ट्रान्समीटर काढून रेडिओ लावा. नुसती एकसारखी खरखर ऐकू आली, तर जागा रिकामी. मग ट्रान्समीटर लावा, पण गाणं थांबवून ठेवा. आता खरखर जवळजवळ गेली पाहिजे, कारण आवाज नसला तरी ट्रान्समीटरची वाहक लहर रेडिओला मिळतेच. खरखर उरली किंवा कुणी बोलताना ऐकू आलं, तर आकडा बदला. फोनचा आवाज मात्र ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि लहानमोठा गाडीच्या बटणाने करा. फोनचा आवाज फार कमी असेल, तर वाहक लहरीतला बदलही लहान होतो आणि त्या मानाने खरखर मोठी वाटते.

अबुधाबीकडे निघालात की तिथली स्टेशनं लागतात आणि दुबईत रिकामी असलेली जागा वाटेत भरलेली निघू शकते. त्यामुळे निघण्यापूर्वी ट्रान्समीटरमध्ये दोन-तीन आकडे साठवून ठेवा.

फोन आला की गाणं थांबून पलीकडचा आवाज स्पीकरमधून येतो. रेडिओ त्या वेळी सीडीवर किंवा दुसऱ्या स्टेशनवर असेल, तर पलीकडची व्यक्ती बोलत राहते आणि आपल्याला काहीच ऐकू येत नाही. आपलं बोलणं ट्रान्समीटरमधला छोटा माईक टिपतो. तो गिअरजवळ, तोंडापासून दूर असतो आणि उन्हाळ्यात जोरात चाललेल्या एसीचा वाराही टिपतो. म्हणून पुण्याहून आईचा फोन आला की आधी एसीचा पंखा कमी करा आणि स्पीकरचाही आवाज उतरवा. नाहीतर तिचाच आवाज माईकमधून परत जाऊन तिला स्वतःचा प्रतिध्वनी ऐकू येतो.