वीज गेली की नेट का जातं?

प्रश्न : कोलशेतच्या आमच्या सोसायटीत राहून मी घरूनच काम करते. घरात इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप चार्ज असतो. तरी वीज गेली की मीटिंग तुटते. नेट कधी दोन-तीन मिनिटांनी येतं, कधी वीज येईपर्यंत येतच नाही. मोठा इन्व्हर्टर घ्यावा का?

उत्तर : इतक्यात नको. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवर मोठा इन्व्हर्टर हा उपाय नव्हे.

पहिलं दुखणं राउटरचं. इन्व्हर्टर बॅटरीवर जाताना वीज क्षणभर खंडित होते. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने ते कळतही नाही. राउटरला ती नसते. तो बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि त्यातच ती दोन-तीन मिनिटं जातात. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चं बटण असेल तर आधी ते लावून पाहा. नाही जमलं तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलं असेल तर यूपीएसही १२ व्होल्टचाच हवा.

खोक्यावरच्या आकड्याला मात्र भुलू नका. समजा, ८८०० एमएएच लिहिलंय आणि राउटर एक अँपिअरचा आहे, म्हणून तो पावणेनऊ तास चालेल असं वाटतं. पण तो आकडा बहुधा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. त्यातले थोडे वाया जाऊन हाती २७ उरतात. राउटर दहा वॉट खात असेल तर पावणेतीन तास झाले. फायबरची पेटी वेगळी असेल तर तिलाही असाच आधार द्यावा लागेल.

दुसरं दुखणं घराबाहेरचं. राउटर चालू असूनही नेट येत नसेल, तर पेटीवरचा 'एलओएस' दिवा पाहा. तो लाल झाला तर तिच्यापर्यंत प्रकाशच पोचत नाही : तार तुटली आहे किंवा पलीकडचं यंत्र बंद आहे. काही इमारतींत केबलवाल्याचा स्विच डक्टमध्ये असतो आणि तो सोसायटीच्या विजेवर चालतो. तिथून घरात साधी लॅन केबल आली असेल तर संशय आधी त्यावरच घ्या. तो स्विच सोसायटीच्या जनरेटरच्या लाइनवर घेता येईल का, हे सचिवांना विचारा. इथे तुमच्या पैशापेक्षा अर्जच कामाला येईल.

दुसरं ब्रॉडबँड घेण्याचा मोह होतो. पण दोन्ही तारा एकाच डक्टमधून येत असतील तर एकाच खोदकामात दोन्ही तुटतात. त्यापेक्षा वेगळ्या कंपनीचं मोबाइल सिम बरं. व्हिडिओ मीटिंगला तासाला साधारण एक जीबी धरा. कॅमेरा बंद ठेवलात तर बरंच कमी.

अर्थात या उपायांनाही मर्यादा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांत बिघाड होऊन मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा काही भागांत ती कित्येक तास आली नव्हती. तेवढ्यासाठी पावणेतीन तासांचा यूपीएस अपुराच.

हे सगळं तपासताना घरातला एमसीबी पाडून समाधान मानू नका. डक्टमधला स्विच तेव्हा चालूच असतो. खरी परीक्षा पुढच्या वेळी सगळ्या इमारतीची वीज जाईल तेव्हाच होईल. त्या दिवशी फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून पाहिलेला असू द्या.