तीन चमचे साखर

पालकसभेत त्या दिवशी परीक्षेच्या निकालाची चर्चा लवकर आटोपली. त्यानंतर सहावीच्या वर्गशिक्षिकांनी एक वेगळाच विषय काढला. त्यांच्या वर्गातील एका अकरा वर्षांच्या मुलीला मधुमेह होता. तिच्या आईची संमती घेऊनच बाई बोलत होत्या आणि आई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

बाईंनी प्रथम आठवड्यापूर्वीचा एक प्रसंग सांगितला. खेळाचा तास संपून गणिताचा तास सुरू झाला होता. एरवी टापटीप लिहिणाऱ्या त्या मुलीचे आकडे रेघ सोडून भलतीकडे जाऊ लागले. शेजारच्या मैत्रिणीने खोडरबर मागितले, तेव्हा तिने ते रागाने भिरकावले. बाईंनी प्रश्न विचारला, तर ती नुसती पाहत राहिली.

"मला तो उद्धटपणा वाटला," बाईंनी मोकळेपणाने कबूल केले. "मी तिला रागावणार, एवढ्यात मैत्रीण म्हणाली, 'बाई, हिचा हात गार पडलाय, घामाने ओला झालाय आणि थरथरतोय.'"

मुलीच्या दप्तरातील छोट्या यंत्रावर रक्त तपासले, तेव्हा साखर ५२ मिलिग्रॅम भरली. मधुमेह असलेल्या व्यक्तीची साखर दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की उपाय करावाच लागतो. मेंदूला सतत साखर लागते. ती कमी पडली की आधी घाम, कंप, भूक, फिकटपणा दिसतो आणि मग बोलण्यावागण्यातला ताळ सुटतो. अशा वेळी मूल चिडते, अडखळते किंवा बाकावर डोके टेकून पेंगते. त्याला स्वतःला काय होते आहे हे सांगता येईलच असे नाही. म्हणून शेजारी बसणाऱ्याचे लक्ष मोलाचे ठरते.

इतक्यात एका पालकांनी विचारले, "पण बाई, साखरेच्या आजारात साखर द्यायची कशी? आम्ही तर मुलाला बजावले आहे की, तिला गोड काही देऊ नकोस."

हा गैरसमज दूर करण्यासाठीच बाईंनी विषय काढला होता. त्या म्हणाल्या, "या मुलीच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, म्हणून ते इंजेक्शनने द्यावे लागते. एकदा टोचलेले इन्शुलिन आपले काम करीतच राहते. त्या दिवशी तिने सकाळी अर्धीच पोळी खाल्ली होती, वर ती खूप धावली. साखर खर्च झाली, इन्शुलिन मात्र थांबले नाही. अशा वेळी साखर हेच औषध."

त्यांनी तिला जागेवरच बसवून चहाच्या चमच्याने तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाजले. ग्लुकोज नसते, तर घरची साखरही चालली असती. पंधरा मिनिटांनी पाहिले, तर साखर ६४ होती. पुन्हा तेवढेच पाणी दिले. आणखी पंधरा मिनिटांनी आकडा ८८ वर आला, तेव्हा कुठे तिला बिस्किटे दिली. चॉकलेट प्रथम देऊ नये. त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. मुलाला एकटे पाणी प्यायला किंवा घरी पाठवणे तर फारच धोक्याचे, कारण ते वाटेत जिन्यावरही कोसळू शकते.

"आणि यंत्र जवळ नसले तर?" मागून एका आजोबांनी विचारले. "समजा, साखर वाढलेलीच असली आणि आपण आणखी दिली?"

"तरीही द्यावी, आजोबा. तीन चमच्यांनी वाढलेली साखर नंतर आटोक्यात आणता येते. कमी झालेली साखर मात्र काही मिनिटांतच मुलाला बेशुद्ध करू शकते."

बेशुद्धीचा उल्लेख होताच सभा गंभीर झाली. बाईंनी आवाज किंचित चढवला. मूल बेशुद्ध असेल, त्याला झटके येत असतील किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात पाणी, साखर काहीही घालू नये; ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरते. त्याला कुशीवर वळवावे, ११२ वर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत जवळून हलू नये. इन्शुलिन तर मुळीच टोचू नये.

मग मुलीच्या आई उठल्या. त्यांच्या हातात ग्लुकोजची पुडी, चमचा आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असलेली एक लहान डबी होती. "धावपळ झाली की काही तासांनीही साखर उतरते," त्या म्हणाल्या. "ती खेळायला तुमच्या घरी येते, वाढदिवसाला येते. आली की ही डबी तिच्याजवळ आहे ना, एवढे विचारा."

गोड देऊ नकोस असे मुलाला बजावणारे पालक पुढे आले. त्यांनी डबीतील चिठ्ठीवरून क्रमांक आपल्या वहीत उतरवून घेतला आणि विचारले, "पाणी किती घ्यायचे, वहिनी?"

"अर्धा पेला पुरे. जास्त पाणी तिला तेव्हा पिववत नाही."