काका गेले, त्यांचे फोटो कुणाचे?

प्रश्न : आमचे चुलते दिवाळीनंतर गेले. द्राक्षबागेच्या छाटणीपासून नातवाच्या बारशापर्यंतचे सगळे फोटो त्यांच्या गूगल खात्यात आहेत. फोन आता काकू वापरतात. माणूस गेल्याचं गूगलला कळतं का? आणि वडिलांच्या खात्याचं आत्ताच काय करून ठेवता येईल?
– एक वाचक, पलूस

उत्तर : कळत नाही. मृत्यूचा दाखला निघाला तरी ती नोंद गूगलकडे जात नाही. खातं वापरात आहे की नाही, एवढंच तिथं पाहिलं जातं. दोन वर्षं कुणीच फिरकलं नाही, तर खातं फोटोंसकट पुसलं जाऊ शकतं. तुमच्याकडे काकू फोन वापरतात, म्हणजे काकांचं खातं अजून जागं आहे.

तोवर काम उरका. फोनचा पॅटर्न काकूंना येतो ना? मग फोन फॉरमॅट करू नका. केलात तर काकांच्या खात्यात पुन्हा शिरायला पासवर्ड लागेल. जागा करायला काकांनी फोनमधले फोटो कधी काढून टाकले असतील, तर ते फक्त खात्यात उरलेत. ते आधी संगणकावर उतरवून घ्या. सिमचं रिचार्जही चालू ठेवा. नव्वद दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, आणि ओटीपी त्याच नंबरवर येतो. फोन उघडतच नसता, तर मृत्यूचा दाखला जोडून गूगलकडे अर्ज करण्याची सोय आहे. पासवर्ड मात्र कधीच देत नाहीत, आणि फोटो देतील याची खात्री नाही.

वडिलांसाठी myaccount.google.com/inactive हे पान त्यांच्याच हातानं उघडा. 2013 पासूनची ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. शांततेची मुदत 3, 6, 12 किंवा 18 महिने निवडता येते आणि दहापर्यंत माणसं नेमता येतात. समजा सहा महिने ठेवले आणि तुमचं नाव दिलं. मुदत संपायच्या महिनाभर आधी वडिलांनाच इशारे जातात. उत्तर आलं नाही, तर तुम्हाला ईमेल येतो, तुमच्या मोबाइलवर आलेला कोड टाकला की फोटो उतरवायला तीन महिने मिळतात. तुम्ही नंबर बदललात तर तो तिथंही बदलायला हवा, नाहीतर कोड दुसऱ्याच कुणाला जाईल. 'नंतर खातं पुसा' हा पर्याय विचार करूनच चालू करा.

यातली खरी मेख वेगळीच आहे. वडिलांच्या माघारी आई त्याच फोनवर त्याच खात्यानं कीर्तनं बघत राहिली, तर गूगलच्या लेखी वडील वापरातच आहेत. सहा महिने कधी भरणारच नाहीत आणि तुम्हाला ईमेलही येणार नाही. म्हणून आईला तिचं स्वतःचं खातं आजच काढून द्या.