अडखळलेलं उत्तर मेलमध्ये

भाची: मामा, चाकणची मुलाखत मराठीत चालली होती तोवर मस्त होती. मग क्वालिटीच्या साहेबांनी इंग्रजी सुरू केलं आणि माझी बोलतीच बंद. आता ‘थँक यू’चा मेल टाकू?

मामा: नुसत्या आभारांवरून त्यांना काय कळणार? नेमकी कुठे अडलीस?

भाची: कस्टमरची तक्रार आली, १२ एच७चा बोअर मोठा येतोय, तर आधी काय करशील? मी म्हटलं, रूट कॉज शोधेन. कंटेनमेंट डोक्यात होतं, पण इंग्रजीत सांगता आलं नाही.

मामा: मग मेल त्याच उत्तराचा. ‘मुलाखतीत मी थेट कारणावर गेले, त्याआधीची पायरी राहिली,’ असं सरळ लिही. आता सांग, आधी काय करशील?

भाची: माल अडवेन. आपल्या गोदामातला, वाटेतला आणि कस्टमरकडे पोचलेला, तिन्हीकडचा.

मामा: आणि चांगला-वाईट वेगळा कसा करशील?

भाची: प्लग गेजने. नो-गोची बाजू आत गेली की बोअर १२.०१८च्या वर, पीस बाजूला. मग कारण. इन्सर्ट बदलल्यावर ऑफसेट दुरुस्त केला होता का, पहिला पीस मोजला होता का, हे रजिस्टरला बघेन.

मामा: झाला की मेल! हाच क्रम, छोट्या वाक्यांत. एका वाक्यात एकच काम. आमच्याकडे ८डी रिपोर्ट असेच लिहितात आणि या नोकरीत तेच रोज लिहायचंय. साहेबांना नमुना आयता मिळतो.

भाची: इंग्रजी कच्चं आहे म्हणून सॉरी लिहू?

मामा: अजिबात नको. उत्तर वाचायच्या आधीच त्यांना चुका शोधायला लावशील. आणि दादाकडून भारी इंग्रजी लिहून घेऊ नकोस. पुढच्या राउंडला समोर बसवून रिपोर्ट लिहायला लावला, तर दोन्हींतला फरक पहिल्या ओळीतच दिसेल. स्पेलिंग तेवढं तपासून घे.

भाची: पाठवू कुणाला?

मामा: एचआरने बोलावलं त्याच मेलला रिप्लाय कर आणि साहेबांपर्यंत पोचवायची विनंती कर. आज रात्री, फार तर उद्या सकाळी. वर पद आणि मुलाखतीची तारीख, मध्ये उत्तर, खाली आभाराची एक ओळ. मोबाइलवर एका नजरेत मावला पाहिजे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं परत लिहीत बसू नकोस, तो पेपर पुन्हा सोडवल्यासारखा दिसतो.

भाची: एवढ्याने इंग्रजीचं निभावेल?

मामा: कामावर अवलंबून आहे. रिपोर्ट आणि मेलच जास्त असतील तर बऱ्यापैकी. पण रोज कस्टमरशी फोनवर बोलायचं असेल, तर या मेलने ती शंका जाणार नाही. जाहिरातीत काय लिहिलं होतं?

भाची: आठवड्याला एक कॉल.

मामा: मग त्याचीही एक ओळ टाक. कॉलच्या आधी मुद्दे लिहून पाठवीन आणि नंतर ठरलेलं लेखी कळवीन. पण जमणार असेल तरच लिही, ते धरून बसतील.